मेंढीकोटाचे दहा हजार डाव

प्रश्न (धुळ्यातील वाचक) : संगणकावर मेंढीकोटाचे १,००० यादृच्छिक डाव खेळवले असता पहिली उतारी करणारी जोडी ५२० डाव जिंकली, खेळ पक्षपाती आहे काय?

उत्तर : एवढ्या आकड्यांवरून तसे म्हणता येत नाही. मेंढीकोटात हात तेरा असल्याने, मेंढ्या म्हणजे दश्श्या दोन-दोन वाटल्या गेल्या तरी सात हात करणारी जोडी जिंकते व बरोबरी संभवत नाही. म्हणून समतोल खेळात प्रत्येक जोडीची अपेक्षा ५० टक्के धरावी. केवळ नशिबामुळे पडणारा साधारण फरक, ज्यास प्रमाण त्रुटी म्हणतात, तो √(0.25/n) या सूत्राने मिळतो. १,००० डावांसाठी तो सुमारे १.६ टक्के असल्याने दोन टक्क्यांची आघाडी सहज योगायोगाने येऊ शकते. १०,००० डावांत तो अर्धा टक्का होतो आणि तेथेही ५२ टक्के टिकले, तर आघाडी खरी मानावी.

वाटलेली तीच पाने पुन्हा खेळवून उतारी दुसऱ्या जोडीला दिल्यास पत्त्यांचे नशीब बहुतांशी वजा होते, आणि ही दुरुस्ती डावांची संख्या वाढवण्याहून अधिक मोलाची आहे.

मात्र कोणतेही चालणारे पान टाकणारा यादृच्छिक खेळाडू मेंढी राखून ठेवत नाही, हुकूमही वाया घालवतो. जळगाव-धुळ्याच्या ओट्यावरचा खेळाडू तसे करीत नाही. म्हणून मेंढी जपण्याचा साधा नियम पाळणारा खेळाडू लिहून चाचणी पुन्हा घ्यावी, आणि दोन्ही निकाल भिन्न आल्यास दुसराच ग्राह्य धरावा.