डिझेलचं बिल दोनदा चढलं तर फक्त दुसरी नोंद कशी ओळखायची?



डिझेल परताव्याची यादी करताना एकच बिल दोनदा चढतं. तांडेल मोबाईलवर फोटो पाठवतो, चार दिवसांनी मालक तेच बिल हातात आणून देतो. यादी तशीच पुढे गेली तर अख्खा दावा अडकतो. आणि घाईत दोन्ही ओळी पुसल्या तर हक्काचं बिलही जातं. म्हणून पहिली नोंद तशीच ठेवून दुसरीवरच खूण यायला हवी. एक्सेलमधला दुहेरी नोंदी रंगवण्याचा तयार पर्याय पहिलीलाही रंग देतो, तो इथे कामाचा नाही.

आपल्या यादीत A मध्ये नोंदीची तारीख, B मध्ये बोट नंबर आणि C मध्ये बिल नंबर आहे. D2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=COUNTIF($C$2:C2,C2)
```

डॉलरमुळे सुरुवातीचा C2 हलत नाही, शेवट मात्र ओळीगणिक खाली सरकतो. म्हणजे प्रत्येक ओळ आपल्यापासून वरचंच मोजते, खालचं बघत नाही. म्हणून पहिल्या नोंदीला 1 येतो, पुढच्यांना 2, 3.

आता चार ओळी बघा:

3 तारीख, MM-214, बिल 1187
5 तारीख, MM-096, बिल 1192
9 तारीख, MM-214, बिल 1187
12 तारीख, MM-331, बिल 1187

उत्तर येतं 1, 1, 2, 3. तिसरी ओळ खरोखर दुहेरी आहे. पण चौथी बोट वेगळी आणि पंपही वेगळा, फक्त बिलाचा आकडा जुळला. तिला विनाकारण खूण लागली. म्हणून बोट आणि बिल दोन्ही एकत्र तपासायचं:

```
=IF(COUNTIFS($B$2:B2,B2,$C$2:C2,C2)>1,"पुन्हा","")
```

आता फक्त तिसऱ्या ओळीसमोर ‘पुन्हा’ येतं.

दोन गोष्टी सांभाळा. यादी आधी तारखेप्रमाणे लावा, कारण या सूत्राला ‘पहिली’ म्हणजे वरची. क्रम उलटा केला की खूणही दुसऱ्या ओळीवर जाते. आणि ‘MM-214’ च्या मागे चुकून एक स्पेस राहिली तर ती वेगळी बोट धरली जाते, खूण येतच नाही. त्यासाठी B आणि C हे दोन्ही रकाने निवडून Ctrl+H दाबा, वरच्या चौकटीत एक स्पेस द्या, खालची रिकामी ठेवा आणि सगळीकडे बदला.

खूण आली म्हणून ओळ लगेच पुसू नका. कागद काढून लिटर आणि बिलाची तारीख जुळवा. जुळली तरच दुसरी ओळ काढा. लिटर वेगळे निघाले तर बिल नंबर टाकतानाच चुकला असेल, तो दुरुस्त करा.

मालकांना एवढंच सांगणं, बिलाचा फोटो आधी पाठवला असेल तर कागद देताना त्यावर ‘फोटो दिला’ असं लिहून द्या.