कागदावरील आज्ञावली कशी तपासावी?

संगणकाची आज्ञावली संगणकावरच लिहावी, हे स्वाभाविक होय. तथापि परीक्षेत ती पुष्कळदा कागदावर शाईने लिहावी लागते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्र विषयास लेखी परीक्षेचे ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात, आणि लेखी परीक्षेत पायथॉन भाषेतील आज्ञावली विद्यार्थ्यांना हाताने लिहाव्या लागतात. कागदावरील ओळी आपण होऊन चालत नाहीत. तेव्हा तपासणाऱ्याला काही काळ स्वतःच संगणक व्हावे लागते. एकेक ओळ वाचावयाची, ती सांगते तेवढेच करावयाचे, आणि प्रत्येक वेळी कोणत्या नावाखाली कोणती किंमत आहे हे कागदाच्या समासात मांडावयाचे. शाळांतून या रीतीला ‘ड्राय रन’ म्हणतात. आम्ही तिला ‘माग काढणे’ असे म्हणू. माग न काढता केवळ नजरेने तपासले, तर योग्य उत्तर अयोग्य आणि अयोग्य उत्तर योग्य कसे ठरते, हे एका उदाहरणाने पाहू.

प्रश्न असा आहे, असे समजा: ‘यादीत निदान दोन, परस्परांहून भिन्न अशा धन पूर्णांक संख्या दिल्या आहेत. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या देणारी आज्ञावली लिहा. गुण ४.’ पहिल्या विद्यार्थ्याचे अक्षर वळणदार, खाडाखोड मुळीच नाही. त्याचे उत्तर असे:

```python
def second(a):
    m = 0
    s = 0
    for x in a:
        if x > m:
            s = m
            m = x
    return s
```

येथे `m` म्हणजे आतापर्यंतची सर्वांत मोठी संख्या आणि `s` म्हणजे दुसरी मोठी संख्या. `for` या ओळीमुळे यादीतील संख्या एकामागून एक `x` या नावाने पुढे येतात. येणारी संख्या `m` हून मोठी असेल, तर जुनी मोठी संख्या दुसऱ्या जागी जाते आणि नवी पहिल्या जागी बसते. वाचताना हे इतके पटते की परीक्षकाचा हात पूर्ण गुण देण्यास पुढे होतो. तो ३, ७, ९ अशी सरळ यादी घेऊन पाहतो. `s` ची किंमत क्रमाने ०, ३, ७ होते, आणि ७ हेच उत्तर हवे असते.

आता त्याच संख्या ९, ३, ७ या क्रमाने घेऊ आणि समासात तक्ता मांडू. पहिली ओळ आरंभीच्या किमतींची, त्यापुढील प्रत्येक ओळ एका फेरीची.

```
x   m   s
-   0   0
9   9   0
3   9   0
7   9   0
```

उत्तर ० आले. यादीत तर शून्य नाहीच. कारण उघड आहे. ७ ही संख्या `m` हून लहान, पण `s` हून मोठी आहे, आणि अशा मधल्या संख्येने काय करावे याची आज्ञाच लिहिलेली नाही. या तीन संख्यांचे एकूण सहा क्रम होतात. त्यांपैकी ज्या तीन क्रमांत ७ ही ९ च्या आधी येते, त्यांतच उत्तर बरोबर येते. उरलेल्या तिहींत ते चुकते. म्हणजे एकाच यादीवर भिसत ठेवणाऱ्या परीक्षकाचा निर्णय नाणेफेकीसारखा आहे. म्हणून यादी सहज सुचेल ती घ्यावयाची नसून, चूक असेल तर ती उघडी पडेल अशी घ्यावयाची. या प्रश्नात सर्वांत मोठी संख्या प्रथम असलेली यादी अवश्य घ्यावी, कारण चढत्या क्रमाची यादी हा दोष झाकते.

दुसऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर वाकड्यातिकड्या अक्षरांत आणि नमुना उत्तराहून अगदी निराळ्या वाटेने लिहिलेले आहे:

```python
def second(a):
    m = s = 0
    for x in a
        if x > s:
            s = x
        if s > m:
            m, s = s, m
    return s
```

`for` च्या ओळीअखेरीस अपूर्णविराम नाही, हे प्रथमच डोळ्यांत भरते. यंत्रावर ही आज्ञावली मुळीच चालणार नाही; पायथॉन त्या ओळीपाशी व्याकरणदोष दाखवून थांबेल. परंतु परीक्षकाने तेथे थांबू नये. दोषाखाली रेघ मारावी, मनात तेवढा अपूर्णविराम घालावा आणि माग पुढे न्यावा. मात्र भरावयाचे ते एवढेच. विद्यार्थ्याच्या मनात अमुक असावे असे समजून दुसरी कोणतीही ओळ सुधारावयाची नाही.

९, ३, ७ या यादीवर माग काढू. ९ आल्यावर `s` प्रथम ९ होतो, तो `m` हून मोठा ठरतो, आणि दोघांची अदलाबदल होऊन `m` ९ व `s` ० राहतो. ३ आल्यावर `s` ३ होतो. ७ आल्यावर `s` ७ होतो, आणि ७ हे ९ हून मोठे नसल्याने अदलाबदल होत नाही. उत्तर ७, म्हणजे बरोबर. चढत्या यादीवरही ७ च येते.

अदलाबदलीच्या ओळीपाशी माग काढणाऱ्याने सावध असावे. `m, s = s, m` या एका ओळीत उजवीकडील दोन्ही किमती आधी घेतल्या जातात आणि मग डावीकडे ठेवल्या जातात; म्हणून अदलाबदल खरोखर घडते. हेच कोणी `m = s` आणि त्याखाली `s = m` असे दोन ओळींत लिहिले, तर पहिल्या ओळीतच `m` ची जुनी किंमत नष्ट होते आणि दोन्ही नावांखाली ९ उरते. नजर दोन्ही लिखाणांना ‘अदलाबदल’ असेच वाचते. तक्त्यात जुनी किंमत खोडून नवी लिहिणाऱ्याच्या हातून मात्र हा भेद सुटत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. दोन याद्यांवर उत्तर जुळले, एवढ्यावरून ते सर्व याद्यांवर जुळेल असे कसे म्हणावे? तसे म्हणता येत नाही. माग चूक सिद्ध करतो, निर्दोषता नव्हे. यासाठी आणखी एक पायरी लागते. ॲलन ट्यूरिंग यांनी १९४९ साली केंब्रिज येथील एका परिषदेत मोठी आज्ञावली कशी तपासावी यावर निबंध वाचला होता. त्यांनी बेरजेचा दाखला दिला: केवळ बेरीज लिहिली असेल तर तपासणाऱ्यास सारे काम पुन्हा करावे लागते, हातचेही लिहिलेले असतील तर एकेक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो. आज्ञावलीतही मधल्या टप्प्यांवर काय खरे असले पाहिजे, ते मांडावे.

आपल्या उदाहरणात हा ‘हातचा’ असा: प्रत्येक फेरीअखेर `m` ही आतापर्यंतची सर्वांत मोठी आणि `s` ही दुसरी मोठी संख्या असली पाहिजे, निदान दोन संख्या येईपर्यंत रिकाम्या जागी शून्य आहे असे समजावे. नवी संख्या तीनच प्रकारची असू शकते. ती `s` हून लहान असेल तर काहीच बदलत नाही. ती दोहोंच्या मधली असेल तर `s` च्या जागी बसते. ती `m` हून मोठी असेल तर प्रथम `s` मध्ये येते, मग अदलाबदलीने `m` होते आणि जुनी मोठी संख्या `s` मध्ये उतरते. तिन्ही प्रकारांत हातचा जुळतो. म्हणून यादी कितीही लांब असली तरी उत्तर बरोबर येणार. पहिल्या विद्यार्थ्याच्या उत्तरात नेमका मधला प्रकार सुटला होता. आरंभी शून्य घेतल्याबद्दल मात्र दोघांचेही गुण कापू नयेत, कारण संख्या धन आहेत असे प्रश्नातच म्हटले आहे.

आता गुण. आरंभ अर्धा, फेरी एक, मोठ्या संख्येचा प्रकार एक, मधल्या संख्येचा प्रकार एक, उत्तर परत देणे अर्धा, अशी चारांची विभागणी करू. पहिल्याचा मधल्या प्रकाराचा एक गुण जातो; त्याला ३. दुसऱ्याने `def` व `if` च्या ओळींत अपूर्णविराम दिलेला आहे, म्हणजे नियम त्यास ठाऊक आहे. ही समजुतीची चूक नसून लेखणीची आहे. तिचा अर्धा गुण एकदाच कापावा, त्याला ३½. नुसत्या यंत्राने दुसऱ्याला शून्य आणि, यादी चढती दिली असती तर, पहिल्याला पूर्ण गुण दिले असते. माग काढल्याने दोघांनाही आपापल्या श्रमाचे मोल मिळाले.

कागदावरच उद्भवणारी एक अडचण सांगावयास हवी. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवून लिहिली आहे, हाही व्याकरणाचाच भाग आहे. दुसऱ्या उत्तरातील `return s` ही ओळ `for` च्या सरळ रेषेत आहे. ती जर `if` च्या रेषेत गेली, तर पहिली फेरी संपताच उत्तर परत दिले जाईल आणि ९, ३, ७ या यादीचे उत्तर ० येईल. हाताच्या लिखाणात हे अंतर बोटाच्या पेराएवढे असते, आणि पान उलटून उत्तर पुढे गेले की रेषा हटकून चुकते. अशा वेळी परीक्षकाने `for` च्या पहिल्या अक्षराला पट्टी उभी लावून पाहावे. तरीही संशय राहिला, तर त्याच विद्यार्थ्याच्या इतर ओळी किती अंतराने आत आहेत त्यावरून ठरवावे. विद्यार्थ्यांनी मात्र हा संशयच उरू देऊ नये. समासापासून प्रत्येक पायरीसाठी फिकट उभी रेघ आखून घेतली आणि पान उलटण्यापूर्वी आज्ञावली पुरी होईल एवढी जागा पाहून लिहावयास आरंभ केला, म्हणजे काम भागते.

वाचकांनी स्वतः करून पाहावे असे एक उदाहरण देऊन हा लेख पुरा करतो. प्रश्नातील ‘परस्परांहून भिन्न’ हे शब्द काढून टाका आणि दुसऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तरावर ९, ९, ४ या यादीचा माग काढा. जे उत्तर येईल ते बरोबर म्हणावयाचे की चूक? तक्ता चार ओळींतच पुरा होईल. पण निर्णय देण्यापूर्वी ‘दुसरी मोठी संख्या’ म्हणजे काय, हे प्रश्नकर्त्याने स्पष्ट सांगितले आहे काय, याचा शोध घ्यावा लागेल.