फिटनेस अडला कशावर?

प्रश्न : पत्नीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरलीय. हिमोग्लोबिन ८.२, एपीटीटी ४६ सेकंद (लॅबची मर्यादा ३५). भूलतज्ज्ञांनी फिटनेस दिला नाही. आता काय?
— एक वाचक, सेक्टर २, भिलाई

उत्तर : आधी नव्या नमुन्यावर एपीटीटी पुन्हा करून घ्या. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही, तरी वेळ खोटीच वाढते. ती पुन्हा जास्त येवो वा न येवो, पत्नीला विचारा : पाळीत पहिल्यापासूनच जास्त रक्त जायचं का, दात काढल्यावर रक्त थांबेना असं झालं का? तसं असेल तर एपीटीटी नॉर्मल आली तरी फॉन विलेब्रांड घटक तपासायला सांगा. कमी हिमोग्लोबिनचं मूळही तिथंच असू शकतं. छत्तीसगडात सिकलसेलची चाचणीही हवीच. फेरिटिन कमी असेल आणि रक्तस्राव आटोक्यात असेल, तर शिरेतून लोह घेऊन तीन-चार आठवडे थांबणं, घाईनं रक्त चढवण्यापेक्षा मला बरं वाटतं.