नोटीस लावली होती म्हणे!

“नोटीस तर लावली होती,” हे वाक्य आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी त्या बुधवारी किती जणांना ऐकवलं, देव जाणे. लावली होती, खरंच. लिफ्टशेजारी, मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीखाली. तिचाच फोटो ग्रुपवर टाकला होता. बोलणी मात्र मला, कारण टँकर बोलावणं माझ्याकडे. मे महिन्यातल्या चंद्रपुरात ऐनवेळी टँकर मिळतो का, हे ज्याचं त्याने फोन करून पाहावं.

नोटीस अशी होती: “सर्व सभासदांस सूचित करण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीकामास्तव दि. 13 रोजी पाणीपुरवठा बंद राहील व दि. 14 रोजी कमी दाबाने होईल. अपव्यय करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल. थकबाकीदारांनी नोंद घ्यावी.” पहिलं वाक्य महापालिकेच्या सूचनेतून उचललेलं, पुढचा राग घरचा. थकबाकीदारांचा पाइपच्या दुरुस्तीशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

13 तारखेला, मंगळवारी, नळ दिवसभर धो धो चालू. टाक्या भरलेल्या होत्या ना! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गोधड्या काढल्या धुवायला. वर मलाच म्हणाल्या, “काहून जी, पाणी तर हाये!” जिन्यात उभ्या उभ्या मला उलगडलं. नोटीस महापालिकेच्या लाइनबद्दल बोलत होती आणि लोक ती आपल्या नळाबद्दल वाचत होते. नळ कोरडा पडणार होता बुधवारी, म्हणजे नोटिशीप्रमाणे पाणी ‘येणार’ त्या दिवशी. अध्यक्षांना तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, “लोकांना घाबरवू नका.”

हिशेब अवघड नव्हता. आमची घरं 24, माणसं साधारण 90. शहरात माणशी रोज 135 लिटर, हा सरकारी हिशेब. म्हणजे दिवसाला 12 हजार लिटरच्या वर. त्यात आपल्याकडचा उन्हाळा: घरटी दोन कूलर, एकेक कूलर दिवसाला 50 लिटर धरला तरी आणखी 2,400. वरची टाकी 10 हजारांची, खालचा संप 20 हजारांचा, आणि संपाच्या तळाचं पाणी मोटर उचलतच नाही. काठोकाठ भरलेलं असलं तरी दोन दिवस जेमतेम. मंगळवारी गोधड्या धुतल्या की बुधवारी दुपारच्या आत खडखडाट. कमी दाबाचं पाणी संपात करंगळीएवढ्या धारेने येतं, त्यावर टाकी भरत नाही. त्यातून कुणी लाइनला टिल्लू पंप लावला, तर तेवढंही नाही.

म्हणून नोटीस लिहायच्या आधी टाकीचं झाकण उघडून पाहा. मग लाइनचं सोडा, नळाचं सांगा. पुढच्या खेपेला मी त्याच बंदचा मजकूर नमुना म्हणून समितीपुढे ठेवला, तो असा:

*मंगळवार-बुधवार (13-14 मे) नळाला पाणी फक्त सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 6 ते 8.*
महापालिकेच्या लाइनची दुरुस्ती आहे. टाकीतलं पाणी दोन दिवस पुरवायचं आहे.
पिण्याचं पाणी सोमवारी रात्रीच भरून ठेवा. कपडे गुरुवारी धुतले तर बरं. कूलर शक्यतो एकच चालवा.
लाइन सुरू झाल्यावर पाणी गढूळ आलं, तर गाळून, उकळून प्या.
घरात आजारी माणूस किंवा लहान बाळ असेल तर कळवा, वेगळी सोय करू.

खाली एक नाव, एक फोन नंबर. ‘कारवाई’ नाही, ‘नोंद घ्यावी’ नाही. ‘धुऊ नका’ म्हटलं की माणूस वाद घालतो, ‘गुरुवारी धुवा’ म्हटलं की धुणं पुढे ढकलतो.

‘मंगळवारी रात्री 12 पासून’ असं कधीच लिहू नये. निम्मे लोक सोमवारची रात्र धरतात, निम्मे मंगळवारची. ‘उद्या’ही नको. फॉरवर्ड झालेला ‘उद्या’ चार दिवस फिरतो. लेटरहेडचा फोटो टाकू नका, मजकूर टाइप करा. फोटो कुणी मोठा करून वाचत नाही, आणि नंतर शोधूनही सापडत नाही. पहिल्या ओळीत वेळ हवी, कारण लांब मजकूर ‘आणखी वाचा’मागे दडतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, त्यामुळे वेळ बदलली तर ‘बदल’ असं ठळक लिहून नवी पोस्ट टाका. ती पिन करा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते. आमच्याकडे वेकोलिच्या खाणींत आणि वीज केंद्रात काम करणारी हिंदी, तेलुगू घरं आहेत. त्यांच्यासाठी निदान पहिली ओळ हिंदीत द्या. बाकी सगळ्यांशी गोड बोला वगैरे ते आहेच.

मेसेज दाबून धरला की माहितीत कुणी वाचलं ते दिसतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांची दारं वॉचमनने वाजवायची. ‘आम्हाला सांगतलंच नाही’ची तक्रार त्यानंतर एकदाही आली नाही.

अध्यक्षांनी मात्र सभेत ठराव मांडला: यापुढे त्यांच्या सहीशिवाय एकही सूचना ग्रुपवर जाणार नाही. मंजूरही झाला. त्यांच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात इरई धरणाच्या जलसाठ्यापासून होती. मी तो परिच्छेद खोडून सहीला परत पाठवला आहे.