साडेतेरा व्होल्टमधली घरघर

आमच्या गल्लीतला एक मुलगा भजनी मंडळाचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दुकानात आला. अ‍ॅम्प्लिफायरचा बारा व्होल्टचा सप्लाय त्यानेच बांधला होता. खिशातून त्याने बदललेले ७८१२ आयसी काढून टेबलावर ठेवले. "काका, हाही खराब निघाला. नुसता ठेवला तर बरोबर बारा देतो, अ‍ॅम्प्लिफायर जोडला की घरघर सुरू होते."

सप्लाय अगदी नेहमीचा होता. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ४००७ नंबरच्या चार डायोडचा ब्रिज, त्यापुढे १००० मायक्रोफॅराडचा कॅपॅसिटर आणि शेवटी ७८१२. अ‍ॅम्प्लिफायर साधारण अर्धा अँपिअर ओढत होता. आयसीच्या तोंडाशी त्याने मीटर लावून पाहिलं होतं, साडेतेरा व्होल्ट होते. आत साडेतेरा जातात म्हणजे बाहेर बारा यायलाच हवेत, येत नाहीत म्हणजे आयसी खराब, असा त्याचा हिशेब. हा हिशेब मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की आता आयसी काढायच्या आधी मी कॅपॅसिटरचा आकडा वाचतो.

डीसीवर लावलेला मीटर सरासरी दाखवतो. आयसीला मात्र सरासरीशी काही देणंघेणं नसतं. त्याला प्रत्येक क्षणी, म्हणजे व्होल्टेज सगळ्यात खाली आलेलं असतानाही, आउटपुटपेक्षा सुमारे दोन व्होल्ट जास्त लागतात. बारासाठी चौदा. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा, की कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज खाली कुठपर्यंत जातं?

तो हिशेब कागदावर करता येतो. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट आरएमएस असतात. लाटेचं शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोडमधून करंट जातो, त्यात १.४ च्या आसपास खर्च होतात. कॅपॅसिटर भरतो तो साडेपंधरापर्यंत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फुल वेव्हमध्ये लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात, म्हणून कॅपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतो. रिपलची फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ, आणि दोन शिखरांमधलं अंतर १० मिलिसेकंद. मधल्या काळात लोडला एकटा कॅपॅसिटर पोसतो आणि पोसताना रिकामा होत जातो. किती रिकामा होतो, ते असं:

रिपल = करंट ÷ (१०० × कॅपॅसिटन्स)

करंट अँपिअरमध्ये, कॅपॅसिटन्स फॅराडमध्ये. अर्धा अँपिअर भागिले (१०० × ०.००१), उत्तर ५ व्होल्ट. हे सूत्र थोडं वाढवून सांगतं, कारण त्यात पूर्ण १० मिलिसेकंद धरलेत. प्रत्यक्षात पुढची लाट वर चढताना कॅपॅसिटरला गाठते आणि पावणेआठ मिलिसेकंदांच्या आसपास पुन्हा भरणं सुरू होतं. खरा रिपल चार व्होल्टच्या जवळ येतो. म्हणजे वर साडेपंधरा, खाली साडेअकरा आणि सरासरी, शिखरातून रिपलचा अर्धा वजा केला की, साडेतेरा. मुलाच्या मीटरने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण सेकंदाला शंभर वेळा आयसीच्या तोंडाशी साडेअकराच उरत होते, तेवढ्यात तो बारा कुठून देणार? आउटपुटही तितक्याच वेळा दहाच्या आसपास घसरत होतं आणि स्पीकर तेच ऐकवत होता.

ऑसिलोस्कोप असेल तर हे सगळं समोर दिसतं. नसेल तर मीटर एसीवर टाकून कॅपॅसिटरवर लावा. रिपलचा आकार करवतीच्या दात्यांसारखा असल्याने येणाऱ्या आकड्याला साडेतीनने गुणलं की शिखर ते तळ एवढा फरक अंदाजाने कळतो. इथे १.२ च्या आसपास आकडा यायला हवा. फक्त एक सांभाळा: स्वस्त मीटर एसीवर डीसीलाही भुलतात. एका बाजूने लावल्यावर तीस-एक व्होल्ट आणि लीड उलटल्यावर शून्य दिसलं, तर तो आकडा टाकून द्या. एका लीडला १ मायक्रोफॅराडचा साधा, पोलॅरिटी नसलेला कॅपॅसिटर सिरीजमध्ये जोडा आणि पुन्हा मोजा. आणि मोजायचं ते लोड जोडलेला असताना. करंट १० मिलिअँपिअर असेल तर याच कॅपॅसिटरवर रिपल जेमतेम ०.१ व्होल्ट, लोडशिवाय प्रत्येक सप्लाय शहाण्यासारखा वागतो.

मुलाच्या १००० च्या जागी ४७०० मायक्रोफॅराड टाकला. सूत्राने रिपल १.१ व्होल्टच्या आत आला, तळ १४.४ च्या वर गेला, घरघर गेली. आयसी त्याचाच जुना, 'खराब' ठरवलेला, परत लावला होता.

मुलाला लगेच वाटलं की मग २२००० का नको? कॅपॅसिटर जितका मोठा तितका तो लाटेच्या टोकाशी थोड्याच वेळात भरतो, आणि त्या थोड्या वेळात करंट दणक्याने येतो. चालू करतानाचा पहिला दणका तर डायोडवर पडतोच, शिवाय ट्रान्सफॉर्मर सरासरी करंटवरून वाटेल त्यापेक्षा जास्त तापतो. याच कारणाने १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरकडून कॅपॅसिटरनंतर सतत ०.६ अँपिअरहून अधिक डीसीची अपेक्षा मी ठेवत नाही.

लोड नसल्याचा परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. लहान ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले बारा व्होल्ट पूर्ण लोडचे असतात. मोकळा असताना तोच साडेतेरा-चौदा देतो. चौदाचं शिखर जवळपास वीस, डायोडचे वजा जाता साडेअठरा. त्यात रात्री लाइन २५० ला गेली की वीसही होतात. बारा व्होल्टचा सप्लाय म्हणून १६ व्होल्टचा कॅपॅसिटर लावणारे याच ठिकाणी फसतात: अ‍ॅम्प्लिफायर चालू असेपर्यंत सगळं ठीक, तो काढून सप्लाय नुसता चालू ठेवला की कॅपॅसिटरचं डोकं फुगतं. २५ व्होल्ट हे किमान, जागा असेल तर ३५ चा घ्या.

वर्षभर नीट चाललेला सप्लाय अचानक घरघरू लागला, तर मीटरवर हर्ट्झची सोय असल्यास रिपलची फ्रिक्वेन्सी बघा. १०० आली तर ब्रिज ठीक आहे, कॅपॅसिटर सुकत आलाय किंवा लोड वाढलाय. ५० आली तर एखादा डायोड आतून तुटलाय. अर्धी लाट जात नाही, भरण्यातलं अंतर २० मिलिसेकंद होतं आणि रिपल दुप्पट. घरघरही जाड, खालच्या सुरात येते. मग प्लग काढा, कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करा आणि चारही डायोड एकेक तपासा. आणि लोड जोडलेला असताना डीसीवर साडेनऊच्या आसपास आकडा दिसला, तर डायोडच्या मागे लागू नका. पुस्तकातलं शिखराच्या ०.६३६ पट सरासरीचं सूत्र कॅपॅसिटर नसलेल्या फुल वेव्हचं आहे. सतराला त्याने गुणून डायोडचे वजा केले की हाच आकडा येतो. म्हणजे कॅपॅसिटर सर्किटमध्ये नाहीच: एकतर त्याचा पाय आतून सुटलाय, नाहीतर खालचं सोल्डर.