उन्हाळ्यातील ऊसतोडणी यंत्र आणि हायड्रॉलिक तेलाची श्रेणी

सकाळी व्यवस्थित चालणारे ऊसतोडणी यंत्र दुपारी तीनच्या सुमारास मंदावते. बुंध्याजवळ ऊस कापणाऱ्या बेस कटरचा वेग उतरतो, दाट उसात चॉपर अडखळतो आणि उचलयंत्रणा हळू वर जाते. मार्च-एप्रिलमध्ये गाळप हंगाम लांबला की अशा तक्रारी वाढतात. पंप खराब झाला, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी टाकीतील तेलाचे तापमान आणि त्याची श्रेणी तपासणे आवश्यक असते.

हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावरील ४६ किंवा ६८ हा आकडा तेलाची विष्यंदिता, म्हणजे बोलीभाषेतील दाटपणा, दर्शवितो. तो सेंटिस्टोक या एककात आणि ४० अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला असतो. प्रत्यक्षात तोडणी सुरू असताना तेल ४० अंशांवर क्वचितच राहते. साधारण गुणवत्तेच्या ४६ श्रेणीच्या तेलाची विष्यंदिता ६० अंशांना सुमारे २० आणि ८० अंशांना सुमारे ११ सेंटिस्टोक एवढीच उरते. पिस्टन प्रकारच्या पंपांना व मोटरना सर्वसाधारणपणे १६ ते ३६ सेंटिस्टोक या मर्यादेतील तेल मानवते. विष्यंदिता १० च्या आसपास आली की धातूच्या पृष्ठभागांमधील तेलाचा थर धोकादायकरीत्या पातळ होतो.

उदाहरणादाखल ४६ श्रेणीचे तेल भरलेले एक यंत्र घेऊ. सकाळी हवा २६ अंश आणि तेल ६० अंशांवर स्थिर आहे, म्हणजे दोहोंत ३४ अंशांचा फरक आहे. कूलर किती उष्णता बाहेर टाकणार, हे मुख्यत्वे या फरकावर ठरते. दुपारी हवा ४२ अंशांवर गेली, तर तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी तेलाला ७६ अंशांपर्यंत चढावे लागते. तेथे विष्यंदिता साडेबारा सेंटिस्टोकच्या खाली येते. पंप व मोटरमधील सूक्ष्म फटींतून होणारी अंतर्गत गळती विष्यंदितेच्या व्यस्त प्रमाणात वाढते, त्यामुळे ती सकाळच्या दीडपटीहून अधिक होते. मोटरपर्यंत तेल कमी पोहोचते आणि वेग घटतो. फटीतून निसटलेल्या तेलातील दाबाची ऊर्जा वाया जाते, ती उष्णतेच्या रूपाने तेलातच मिसळते. तेल अधिक तापते, अधिक पातळ होते, गळती आणखी वाढते. म्हणूनच प्रत्यक्ष तापमान ७६ वर न थांबता पुढे सरकते. सुमारे ८२ अंशांच्या वर सील कडक होऊ लागतात आणि तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. करपट वास आणि काळपट रंग ही त्याची चिन्हे.

याच यंत्रात ६८ श्रेणीचे तेल असते, तर ७६ अंशांना विष्यंदिता साडेसोळाच्या आसपास, म्हणजे योग्य मर्यादेत राहिली असती. स्थूलमानाने ६८ श्रेणी दहा अंशांची सवलत देते: ४६ चे तेल ८० अंशांना जेवढे पातळ होते, तेवढे ६८ चे तेल ९० अंशांना होते. मात्र दाट तेल यंत्र थंड करत नाही. कूलरच्या जाळीवर पाचटाचा चुरा बसलेला असेल, तर श्रेणी बदलून फारसे साधत नाही. म्हणून आधी जाळी दिवसातून एकदोनदा आतून बाहेरच्या दिशेने हवेच्या झोताने साफ करावी, टाकीतील पातळी पाहावी आणि मगच तेलाचा विचार करावा. वेग उतरताच रिलीफ व्हॉल्व्ह आवळण्याची सवय अनेक चालकांना असते. ती घातक आहे, कारण दाब वाढला की गळतीही वाढते.

निदानासाठी इन्फ्रारेड तापमापक पुरेसा आहे. टाकीच्या बाजूवर, तेलाच्या पातळीखाली, सकाळी व दुपारी तापमान नोंदवावे. यंत्र सकाळी चांगले आणि दुपारीच मंद असेल, तर तेल पातळ होत असल्याची शक्यता मोठी. तेल पुरेसे गरम नसतानाही ते मंदच असेल, तर झिजलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर शोधावा. गळती शोधताना नळीवर हात फिरवू नये. उच्च दाबाची बारीक धार त्वचेत शिरते.

उत्पादकाच्या पुस्तिकेत त्या तापमानासाठी ६८ श्रेणी मान्य असेल तरच बदल करावा आणि जुने तेल शक्य तितके पूर्ण काढावे. डिसेंबरच्या थंड पहाटे हेच दाट तेल पंपात सहज ओढले जात नाही. पंपाचा कर्कश आवाज हे त्याचे लक्षण. हिवाळा आणि उन्हाळा दोन्हींत एकच तेल ठेवायचे असल्यास उच्च विष्यंदिता निर्देशांकाचे ४६ तेल उन्हाळ्यात अधिक काळ टिकाव धरते. ज्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक, गिअरबॉक्स आणि तेलातील ब्रेक यांचे तेल एकच असते, तेथे मात्र साधे ६८ हायड्रॉलिक तेल ओतू नये. त्या तेलात ब्रेकसाठी वेगळी रसायने मिसळलेली असतात.