मागची रांग

यवतमाळात लग्नाच्या ऑर्डरी घेणारं आमचं स्वयंपाकघर आहे. त्याच्या मागे आठ बाय सहा फुटांची कोल्ड रूम. दार अरुंद भिंतीत, दोन्ही बाजूंना रॅक, मधे जेमतेम दोन फुटांची वाट. एप्रिल-मे महिन्यांत लग्नं जवळजवळ येतात तेव्हा त्या वाटेतही क्रेट आणि दुधाचे कॅन येऊन बसत. जागा अपुरी आहे म्हणून तसं चालायचंच, असं मी समजत होतो.

त्या आठवड्यात सोमवारी सुटं पनीर आलं, पाच-पाच किलोच्या तीन पिशव्या. दोन लागल्या, एक राहिली. बुधवारी आणखी दोन आल्या, शुक्रवारी तीन. वाट अडलेली, त्यामुळे प्रत्येक नवी पिशवी समोरच ठेवली गेली आणि समोरचीच उचलली गेली. सोमवारची पिशवी दर वेळी एक हात मागे सरकली. शनिवारी सकाळी तीनशे पानांच्या ऑर्डरीसाठी पंधरा किलो काढायचं होतं. कोणीतरी दुधाचा कॅन हलवला, मागची पिशवी हाती लागली आणि ती दोन ताज्या पिशव्यांबरोबर चिरून एकाच टोपात गेली. तळायला घेताना आचाऱ्याच्या बोटांना चिकटपणा लागला, मग आंबूस वास आला. तोवर पाच किलो शिळ्यात दहा किलो ताजं मिसळलेलं होतं. वेगळं करणं शक्यच नव्हतं. पंधराही किलो टाकलं.

चिरणाऱ्या काकूंना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “साऱ्या पिशव्या सारख्याच हायेत ना जी, कोनती कवाची हे मले कसं समजन?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चिकटपणा कळला हे नशीब. थंडीतही वाढणारे लिस्टेरियासारखे जिवाणू असतात आणि त्यांचा वास येत नाही. म्हणून वास घेऊन माल पास करणं मी तेव्हापासून बंद केलं.

‘आधी आलेलं आधी वापरा’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यासाठी नवा माल ठेवताना जुना पुढे ओढावा लागतो, आणि अरुंद खोलीत घाईच्या वेळी ते कोणी करत नाही. आम्ही ओढाओढच काढून टाकली. पनीर, दही, खवा अशा रोजच्या मालाला रॅकवर शेजारी-शेजारी दोन रांगा दिल्या. डावीकडची भरायची, उजवीकडची वापरायची; वापरायच्या रांगेवर लाल पट्टी. उजवी संपली की ती पट्टी डावीकडे लावायची आणि नवा माल रिकाम्या उजवीकडे. लाल पट्टीच्या रांगेला हात लावायचा, दुसरीला नाही. रांगेत दोन तारखांचा माल आला तर मात्र जुना पुढे आणावाच लागतो, पण आता तो दोन-तीन पिशव्यांपुरता. वाटेत काहीही ठेवायचं नाही, हा नियम मी स्वतः पाळतो. वाट अडली की मागची रांग नसल्यासारखीच होते.

लेबलांनी आम्हाला बराच त्रास दिला. ओल्या क्रेटवर लावलेली चिकटपट्टी तासाभरात गळायची, बॉलपेनची शाई फुटायची. आता डबा बाहेरच कोरडा पुसतो, मास्किंग टेप लावतो, पक्क्या मार्करने लिहितो आणि मगच आत नेतो. लेबल डब्याच्या अंगावर, झाकणावर कधीच नाही. धुताना झाकणं अदलाबदल होतात आणि तारीखही त्यांच्याबरोबर जाते. नुसती तारीखही पुरत नाही. ‘५ मे’ म्हणजे आलं, फोडलं की केलं? आम्ही शब्द लिहितो: ‘आलं’, ‘फोडलं’, ‘केलं’, आणि खाली ‘कधीपर्यंत’. कालच्या दह्याच्या भांड्यात आजचं ओतणं बंद केलं. ओतलंच, तर सगळ्या भांड्याला कालची तारीख.

पाकीटबंद मालात मात्र आलेल्या दिवसावर विसंबू नका. क्रीमची आज आलेली पाकिटं गेल्या आठवड्यातल्या पाकिटांच्या आधी मुदत संपणारी निघाली, असं आमच्याकडे झालं आहे. तिथे छापील मुदत पाहूनच रांग लावायची. सरकारी लस साठवणुकीतही हाच क्रम असतो: ज्या कुपीची मुदत आधी संपते ती आधी. शिवाय कुपीवरच्या खुणेचा रंग उष्णतेने जास्त बदललेला असेल, पण कुपी अजून वापरण्याजोगी असेल, तर मुदत लांबची असूनही तीच आधी काढतात. हे कळल्यावर मीही एक भर घातली. लाइट गेल्यावर खोली तापली किंवा माल बाहेर राहिला, तर त्या मालाच्या लेबलवर फुली मारतो आणि ‘कधीपर्यंत’ची तारीख अलीकडे आणतो. किती वेळ तापला हे सांगता येत नसेल, तर ठेवत नाही.

सगळं करूनही लग्नाच्या मोसमात दोन रांगांना जागा उरत नाही. तेव्हा रांगा मोडून माल कोंबायचा नाही, पंख्यासमोरची आणि भिंतीलगतची हवेची फटही बुजवायची नाही. पनीरवाल्याला मी आठवड्यातून तीनऐवजी पाच फेऱ्या करायला सांगतो. फेरीचे पैसे जास्त पडतात, ते मी ऑर्डरीच्या दरात धरतो.